मॅन्युअल उतरवलं म्हणजे मेथड होत नाही

«बी.एस्सी.वाल्यांनो, केमिस्ट्रीच्या रिपोर्टमध्ये मार्क घालवू नका. मेथड प्रेझेंट टेन्समध्येच लिहायची, सायन्स कायम खरं असतं. मॅन्युअलमधली वाक्यं तशीच उतरवा, चूक होणारच नाही. प्रत्येक वाक्य पॅसिव्ह पाहिजे. ‘वी’ किंवा ‘आय’ लिहिलं की सरळ शून्य. सगळ्यांना पाठवा.»

पाठवलं सगळ्यांनी. माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवरही आलं, आणि तिने पाण्याच्या कठिणपणाचा बरा लिहिलेला रिपोर्ट रात्री बसून नव्याने लिहिला. दोन्ही प्रती माझ्यासमोर आहेत. दुसरी वाचून डोकं तापलं, म्हणून हा खटाटोप.

आधी ते सायन्स कायम खरं असण्याचं. असेल बापडं. पण हिने टायट्रेशन केलं ते एका दुपारी, डिचोलीकडच्या एका विहिरीच्या पाण्यावर, आणि मेथडमध्ये लिहायचं ते त्या दुपारी काय झालं तेवढंच. मॅन्युअल छापलं तेव्हा ना हे पाणी कोणी पाहिलं होतं, ना ही मुलगी. त्यातली कृती साधी आहे: 50 मिली पाणी पिपेटने घ्या, पीएच 10 चा अमोनिया बफर 2 मिली घाला, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाका आणि वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत 0.01 मोलर ईडीटीए सोडत जा.

हिने तसंच केलं आणि निळा रंग आलाच नाही. लाल जांभळट झाला आणि तिथेच अडकला. ब्युरेटमधून आणखी कितीही सोडलं तरी हलेना. आपल्याकडच्या जांभ्या मातीतल्या विहिरीत लोह उतरलेलं असणं काही नवलाचं नाही. लोह या इंडिकेटरला इतकं घट्ट धरून बसतं की ईडीटीएला ते सोडवता येत नाही. प्रयोगशाळेत याला इंडिकेटर ब्लॉक झाला म्हणतात. मॅडमनी ट्रायएथॅनोलअमाइन घालायला सांगितलं, तेही बफरच्या आधी, नमुना किंचित आम्लधर्मी असतानाच. बफर पडून द्रावण अल्कधर्मी झालं की लोह हायड्रॉक्साइडच्या रूपात वेगळं व्हायला लागतं, मग ते आवरायला उशीर झालेला असतो. त्यानंतर मात्र 4.6 मिलीवर स्वच्छ निळा रंग आला, आणि पुन्हा केल्यावरही तेवढ्यावरच. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून 50 मिलीत 4.6 मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरला 92 मिलिग्रॅम.

पहिल्या प्रतीत हे सगळं होतं. पहिल्या वेळी एंड पॉइंट मिळाला नाही, मग काय घातलं, कधी घातलं, सारं साध्या भूतकाळात. दुसऱ्या प्रतीत मॅन्युअलची वाक्यं आली आणि ट्रायएथॅनोलअमाइन गायब झालं, कारण मॅन्युअलमध्ये ते नाहीच. आता ही प्रत हातात घेऊन कोणी त्याच विहिरीचं पाणी तपासलं, तर जांभळ्या रंगाकडे बघत बसेल, आणि 92 हा आकडा आला कुठून ते त्याला कळणार नाही. वजनांचंही तसंच. मॅन्युअल म्हणतं लिटरला 3.72 ग्रॅम ईडीटीए घ्या. हिच्या तराजूवर भरलं होतं 3.715 ग्रॅम. उतरवलेल्या वाक्यात खरं वजन हरवलं आणि छापील वजन तिच्या नावावर जमा झालं. याला चूक न होणं म्हणायचं?

यात माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीची शैलीपुस्तिका, जी जगभरचे केमिस्ट वापरतात, या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: जे केलं ते साध्या भूतकाळात, जे नेहमीच खरं असतं ते वर्तमानकाळात. म्हणजे वर्तमानकाळाला मेथडमध्ये मज्जाव नाही. 1 मिलीला 1 मिलिग्रॅम हे वाक्य वर्तमानकाळातच शोभतं, कारण ते त्या दुपारपुरतं नाही. एकच काळ पहिल्यापासून शेवटपर्यंत रेटणं म्हणजे सुसंगती नव्हे. हाताने जे जे केलं त्या प्रत्येक क्रियेला एकच काळ लावला, की झालं.

पॅसिव्हबद्दल, नाइलाजाने, अर्धं मान्य करतो. मेथडमध्ये बहुतेक वाक्यं पॅसिव्ह असतात आणि असावीत, कारण पिपेट कोणी धरली याच्याशी वाचणाऱ्याला घेणंदेणं नसतं. पण पॅसिव्ह केलं की काळ आपोआप सुधारतो, असा समज या मेसेजने पसरवला आहे. ‘इज ॲडेड’ पॅसिव्हच आणि ‘वॉज ॲडेड’ही पॅसिव्हच. भाचीच्या दुसऱ्या प्रतीत एकाच परिच्छेदात ‘इज पिपेटेड’, ‘वॉज ॲडेड’ आणि शेवटी मॅन्युअलमधून तसंच आलेलं आज्ञार्थी ‘टायट्रेट’, अशी तिन्ही रूपं शेजारी बसली होती. ती शोधायला व्याकरण लागत नाही. पेन्सिल घ्या, फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा आणि तेवढीच वाचा. खिचडी लगेच दिसते. मग रेघेखालच्या प्रत्येकाला एकच विचारा: हे मी केलं, की हे नेहमीच असं असतं? केलं असेल तर ‘वॉज’.

प्रत्येक वाक्य ओढूनताणून पॅसिव्ह करण्याचा आणखी एक प्रताप तिच्या वहीत सापडला: ‘आफ्टर रिन्सिंग द ब्युरेट, द सँपल वॉज टायट्रेटेड.’ म्हणजे ब्युरेट विसळली कोणी? या वाक्यापुरती तरी विहिरीच्या पाण्याने. ब्युरेटचं वाक्य वेगळं केलं की प्रश्न सुटतो: ‘द ब्युरेट वॉज रिन्स्ड विथ ईडीटीए.’ पुढचं वाक्य पुढे. शिवाय कशाने विसळली हेही लिहिलं जातं, आणि तेच महत्त्वाचं. ती नुसत्या पाण्याने विसळून तशीच भरली, तर आत राहिलेल्या थेंबांनी ईडीटीए पातळ होतं आणि रीडिंग वाढतं.

राहता राहिला ‘वी’. तीच पुस्तिका सांगते की अर्थ स्पष्ट होत असेल, किंवा एखादा निर्णय सांगायचा असेल, तर प्रथमपुरुष चालतो. पहिलं रीडिंग आम्ही सोडून दिलं, हा निर्णय आहे, आणि तो कोणी घेतला ते कळलं तर बिघडत नाही. तुमच्या विभागाने ‘वी’ नको असं छापून दिलं असेल तर त्यांचं ऐका, मार्क तेच देणार आहेत. ‘द फर्स्ट रीडिंग वॉज डिस्कार्डेड बिकॉज नो एंड पॉइंट वॉज ऑब्झर्व्ड’ असं लिहून काम भागतं, काळही सांभाळला जातो. फक्त ते ‘बिकॉज’ गाळू नका, नाहीतर न आवडलेलं रीडिंग गुपचूप टाकलं असं वाटेल, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.