चूळ भरल्याने औषध धुऊन जात नाही, आत्या

"🚨 पंपवाल्यांनो सावधान!! १) पंपात स्टिरॉइड असते, त्याने तोंडात पांढरी बुरशी येते व ती फुफ्फुसात उतरते. २) आवाज कायमचा जातो. ३) पंप घेतल्यावर अर्धा तास पाणी पिऊ नये, चूळ भरू नये, औषध धुऊन जाते. ४) एकदा सवय लागली की सुटत नाही. ५) रोजचा पंप आजच बंद करा, दम लागला तरच निळा घ्या. १०० जणांना पाठवा 🙏"

भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे आलं आणि माझ्या आत्याने ते शब्दन् शब्द पाळलं. आत्या शाळेत शिक्षिका होती, आता मंडळात पुढे बसून गाते, आणि गेली नऊ वर्षं तिला दमा आहे. मी मेडिकल दुकान चालवते. दिवसभर लोकांना पंप कसा ओढायचा ते दाखवते, आणि घरच्याच माणसाला व्हॉट्सअ‍ॅपने गाठलं. तिसरा मुद्दा ती दोन महिने पाळत होती, पाचवा अकरा दिवस. आईचा फोन आला तेव्हा आत्या रात्री दोनला खुर्चीत बसून तेवढ्यापुरता दम थांबवणारा निळा पंप मारत होती. म्हणून हे लिहिणं. सूर चढा वाटला तर वाटू दे.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण सगळं रामायण तिथेच आहे. औषध धुऊन जातं म्हणे! अहो, उदबत्तीचा धूर छातीत गेल्यावर चूळ भरून कुणाचा ठसका थांबलाय का? पंपातून निघालेल्या औषधाचे कण लहान-मोठे असतात. अगदी बारीक, साधारण एक ते पाच मायक्रॉनचे, श्वासाबरोबर खाली फुफ्फुसाच्या नळ्यांत जातात. बाकीचे तोंडातून घशात वळताना टाळू, जीभ, घशाची मागची भिंत यांवर आपटून तिथेच चिकटतात. तोंडाला थेट लावून दाबायच्या पंपातून निघालेल्या औषधाचा बराच मोठा वाटा असाच तोंडाघशात राहतो. जे छातीत पोचलं, त्याला तुमच्या चुळीचं पाणी शिवूही शकत नाही. जे तोंडात राहिलं, त्याचा दम्याला काडीचा उपयोग नाही. चूळ भरून आपण तेवढंच काढून टाकतो, जे तिथे नकोच होतं.

नाही काढलं तर काय होतं? कॅन्डिडा नावाची बुरशी कित्येक धडधाकट लोकांच्या तोंडात असतेच, एरवी ती गप्प बसते. स्टिरॉइड सूज उतरवतं ते तिथली प्रतिकारशक्ती मंद करून. छातीत आपल्याला तेच हवं असतं. जिभेवर तेच औषध रोज सकाळ-संध्याकाळ साठलं की बुरशीला रान मोकळं मिळतं. मधुमेह असेल, नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल किंवा कवळी असेल तर आणखी लवकर. म्हणजे फॉरवर्ड आधी बुरशीची भीती घालतो आणि दोन ओळींनी ती बुरशी पोसायचा हमखास उपाय सांगतो. अर्धा तास चूळ भरू नका! लिहिणाऱ्याने आपलाच पहिला मुद्दा वाचला नसावा.

मी गेले तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, तोंडाला चवच नाही. आमटीसुद्धा झोंबते." मी मोबाइलचा टॉर्च लावला. गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके. ओल्या कापडाने हलकेच पुसलं तर ठिपका निघाला आणि खाली लालबुंद, जरासं रक्ताळलेलं. ओळखायची खूण हीच. सकाळी जिभेवर पांढुरका थर अनेकांना असतो, तो साफ केला तर खाली जीभ नेहमीसारखीच असते. मग मी तिला वरची कवळी काढायला लावली. टाळूवर पांढरं काहीच नव्हतं, पण कवळीच्या आकाराचा लाल ठसा उमटला होता. कवळीखाली बुरशी बहुतेक अशी लालच दिसते, म्हणून घरच्यांच्या नजरेतून सुटते. आत्या कवळी न काढताच पंप घ्यायची आणि रात्री तीच घालून झोपायची.

ती फुफ्फुसात उतरते का? नाही. नुसत्या दम्याच्या पंपामुळे तोंडातली बुरशी छातीत जाऊन वाढत नाही. वाढलीच तर घशामागून अन्ननलिकेत जाते, आणि तेव्हा घास गिळताना दुखतं. ते झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना या औषधांनी न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे. पण तो न्यूमोनिया या तोंडातल्या बुरशीचा नव्हे, आणि आत्याला सीओपीडी नाही.

आता आवाज. इथे मला दात-ओठ खात थोडं मान्य करावं लागतंय. आवाज बसतो. आत्याचाही बसला होता, वरचा सा लावताना फाटायचा. आणि आम्ही दुकानदारच काय, डॉक्टरसुद्धा घाईत सांगून टाकतात, "चूळ भरा, आवाज बसणार नाही." हे अर्धंच खरं आहे. गुळण्या करताना आपण खालून हवा सोडत असतो, म्हणून तर पाणी खळखळतं आणि श्वासनलिकेत जात नाही. स्वरतंतू त्या पाण्याच्याही खाली असतात, तिथे गुळणी पोचत नाही. श्वासाबरोबर जाताना औषध त्यांच्यावर बसतं. त्याने तंतू मिटवणारे छोटे स्नायू जरा दुबळे होतात, मधे फट राहते आणि हवा निसटून आवाज घोगरा येतो, असं मानलं जातं. चुळीने बुरशी बऱ्यापैकी टळते. घोगरेपणाला चुळीचा फायदा कमी, तिथे पंप कोणता, डोस किती आणि घेण्याची पद्धत काय हे बघावं लागतं.

दाबायचा पंप असेल तर स्पेसर लावा. तो प्लॅस्टिकचा फुगीर नळकांडा असतो. फवारा त्यात मंदावतो, जाडे कण त्याच्याच भिंतींना चिकटतात आणि घशावरचा मारा खूप कमी होतो. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राला मात्र स्पेसर लागत नाही, तिथे पंपाचा प्रकार बदलायचा की डोस कमी करायचा हे डॉक्टर ठरवतात. औषधाने बसलेला आवाज असा बदल केल्यावर सहसा काही आठवड्यांत परत येतो, कायमचा वगैरे जात नाही. पण तीन-चार आठवड्यांनंतरही घोगरा राहिला तर पंपाच्या नावावर खपवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आरशाने किंवा दुर्बिणीने घसा बघून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

चौथ्यावर फार वेळ घालवत नाही. मधुमेहाची गोळी रोज लागते म्हणून कुणी तिला व्यसन म्हणत नाही. आणि 'स्टिरॉइड' शब्दाने दचकणाऱ्यांसाठी एक हिशोब. आत्याचा रोजचा डोस बुडेसोनाइड ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वर्षाला १४६ मिलिग्रॅम. दम्याचा झटका आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. झाले २०० मिलिग्रॅम, पाच दिवसांत, आणि तेही सगळ्या अंगभर. वजनाला वजन बुडेसोनाइड जास्त तेज आहे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण त्यातलं पोटात गेलेलं बहुतेक औषध यकृत तिथल्या तिथे मोडून टाकतं, हेही लक्षात घ्या. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि डोळे तपासायला हवेत, हे मी नाकारत नाही.

पाचवा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं. निळा पंप म्हणजे सालब्युटामॉल. तो आकसलेल्या नळ्या चार-सहा तास मोकळ्या करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोजचा पंप. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांताचा अभ्यास आला, दम्याची औषधं घेणारी ५ ते ४४ वयाची तीस हजारांवर माणसं. वर्षभरात स्टिरॉइडचा एकेक डबा जास्त वापरला, तसा दम्याने मरण्याचा दर सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. आणि ज्यांनी पंप सोडला, त्यांच्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा मृत्युदर पंप चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. आत्या त्या वयोगटात बसत नाही, पण सूज काही वय विचारत नाही. दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना देणारी 'जिना' संस्थाही २०१९पासून मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असंच सांगते आहे. आणि हा मेसेज १०० जणांना पाठवायचा!

आत्याला मी जे शिकवलं ते असं. पंप दात घासायच्या आधी, सकाळी आणि रात्री, बेसिनपाशीच. कवळी काढून बाजूला. पंप ओढून दहा आकडे श्वास रोखायचा आणि सोडायचा. मग लगेच एक घोट पाणी दोन्ही गालांत खळखळवून थुंकायचं. दुसरा घोट मान मागे टाकून गुळणी, तीही थुंकायची. साधं पाणी पुरे, मीठ-हळद काही नको. 'लगेच' महत्त्वाचं, कारण जितका उशीर तितकं कमी औषध बाहेर येतं. एसटीत असाल आणि थुंकायची सोय नसेल तर पाणी प्या, काहीच न करण्यापेक्षा बरं. नुसत्या सालब्युटामॉलच्या निळ्या पंपात स्टिरॉइड नाही, त्यानंतर याची गरज नाही. कोणत्या पंपात आहे हे डब्याच्या रंगावरून ठरवू नका, लेबल वाचा. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असेल तर चूळ भरायची.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी रोजचा पंप पुन्हा सुरू केला, कॅप्सूलच्या यंत्राऐवजी स्पेसरवाला. तोंडाला लावायला क्लोट्रिमॅझोलचं औषध दिलं, आणि पंप बंद न करता ते लावायचं असं बजावलं. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवायची. ठिपके दहा-बारा दिवसांत गेले. चव आधीच परतली होती, कारण चौथ्या दिवशी "आमटीत मीठ कमी आहे" म्हणून आईला ऐकवून झालं होतं. आवाजाला पाच आठवडे लागले. वरचा सा अजून जरा घासतो, म्हणून पुढच्या सोमवारी घसा दाखवायची वेळ घेतली आहे. मंडळात सध्या ती टाळ घेऊन बसते. ज्यांनी तो मेसेज टाकला त्या काकूही पंप घेतात. त्यांना मी दुकानात बोलावलंय, पंप आणि कवळी दोन्ही घेऊन.