टॅलीला चार तारे

परवा एका साखरपुड्यात, श्रीखंडाची वाटी हातात घेतली तोच थोरल्या बहिणीने अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "माझ्या दाद्याने नोकरीच्या अर्जात खरं तेवढंच लिहिलं, म्हणून राहिला मागे. पिंटूला मामाने खोटं लिहायला शिकवलं." मामा म्हणजे मी. पंगतीतल्या चारपाच जणांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यांतला एक गृहस्थ स्वतःच्याच बंगल्यात राहून दरवर्षी ऑफिसात घरभाड्याच्या पावत्या जोडतो. त्याचीही मान डोलली, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रकरण साधं आहे. दाद्या आणि पिंटू मावसभाऊ. दोघेही बी.कॉम., दोघेही शिरवळच्या एका कारखान्यात अकाउंट्सला चार वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर. एक महिना हा खरेदीची बिलं बघणार, तो विक्रीची. पुढच्या महिन्यात उलट. म्हणजे एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही असं काही शिल्लकच नव्हतं. भोसरीच्या एका कंपनीची जाहिरात निघाली: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, खरेदी विभाग. दोघांनी एकाच संध्याकाळी अर्ज केला. पिंटूला बोलावणं आलं, दाद्याला नाही. अर्ज चाळण्याचंच काम करून माझे केस पांढरे झालेत, म्हणून दोघांनाही मी फोनवर एकच गोष्ट सांगितली होती: जाहिरात समोर ठेव आणि तिच्याप्रमाणे लिही. पिंटूने तसं केलं. दाद्या नानांकडे गेला.

नानांचं दुकान बसस्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पत्रिका आणि बायोडाटा. बायोडाटा लग्नाचा की नोकरीचा, हे नाना विचारतात, पण ते केवळ सौजन्य म्हणून. साचा एकच असतो. नोकरीचा असेल तर उंची आणि रास काढतात, दुहेरी बॉर्डर ठेवतात. दाद्याचा बायोडाटा तीन पानी निघाला. वर उजवीकडे फोटो, डावीकडे निळा पट्टा, पट्ट्यात फोनचं चित्र, पाकिटाचं चित्र, आणि खाली कौशल्यांपुढे तारे. टॅली: चार तारे. एक्सेल: साडेतीन.

मी दाद्याला घेऊन दुकानात गेलो आणि विचारलं, "हे तारे कोणी दिले?"

"मीच," नाना म्हणाले. "पोरगा चांगला वाटला."

"मग पाच का नाही दिलेत?"

"पाच दिले की गर्विष्ठ दिसतो साहेब. तीन दिले तर घेत नाहीत. चार म्हणजे बरोबर."

"आणि एक्सेलला साडेतीन?"

"सगळीकडे चार टाकले तर खोटं वाटतं ना."

या माणसाचा भरतीचा अभ्यास माझ्यापेक्षा खोल आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं. छंदांत पोहणं लिहिलं होतं. मी म्हटलं, "नाना, याला पोहता येत नाही." नाना मान वर न करता म्हणाले, "इंटरव्ह्यूला काय विहिरीत ढकलणारेत?" मागे झेरॉक्ससाठी ताटकळलेल्या दोन पोरी हसल्या. दाद्याही हसला. तो कुणाच्या बाजूचा, हे मला कळेना.

मग मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर ती पीडीएफ उघडली. Ctrl+A दाबून सगळं निवडायचं, Ctrl+C ने उचलायचं आणि Notepad मध्ये चिकटवायचं. जे तिथे उमटतं साधारण तेच कंपनीच्या अर्ज साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळतं. Notepad कोराच राहिला. नानांनी बायोडाटा कोरल ड्रॉमध्ये लावला होता आणि पीडीएफ करण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह केली होती. पत्रिका छापायला देताना तसंच करतात. नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर अक्षरं बदलतात. पण कर्व्ह केल्यावर 'अ' हा 'अ' उरत नाही, रेघांचं चित्र होतो. माणसाला दिसतो, शोधयंत्राला नाही.

"नाना, यात एकही अक्षर नाही."

"साहेब, डोळे तपासून घ्या."

"दिसतंय हो, पण कॉम्प्युटरला वाचता येत नाही."

"कॉम्प्युटरला कशाला वाचायचंय? साहेब वाचतील ना."

शेवटी पन्नास रुपये जास्तीचे घेऊन नानांनी बॉर्डर, पट्टा आणि तारे काढून साधी वर्डची फाइल दिली. देताना म्हणाले, "आता अगदी विधवेसारखं दिसतंय." हे वाक्य ऐकून मला खरंच राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पण तो वेगळा विषय.

एवढं सांगायचं कारण असं, की फाइल वाचता न येणं ही अडचण तिथे मिटली होती. दाद्याने जो अर्ज पाठवला तो यंत्राला नीट वाचता येत होता. तरीही तो मागे राहिला. का, ते पंगतीत कुणी विचारलं नाही.

जाहिरातीत पहिलीच अपेक्षा होती ती पुरवठादारांची बिलं GSTR-2B शी, म्हणजे पुरवठादारांनी सरकारकडे नोंदवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवण्याची. त्याखाली जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाच्या, चलनांचा हिशेब, पुरवठादारांची खाती जुळवणं, टॅली प्राइम, एक्सेल. शेवटी 'सॅप येत असल्यास प्राधान्य'; सॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर. आता कंपनीने 2B ला पहिला मान का दिला? कारण तिथे पैसा अडकतो. पुरवठादाराने त्याचं GSTR-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरलं, तर त्याचं बिल 14 तारखेला तयार होणाऱ्या 2B मध्ये दिसतं. त्याने आळस केला, तर बिलावर भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही आणि 20 तारखेच्या 3B ला, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राला, तेवढा कर खिशातून जातो. म्हणून दर महिन्याला कुणीतरी एक्सेल उघडून आपली बिलं आणि 2B शेजारी शेजारी ठेवतो, न जुळलेली वेगळी काढतो आणि पुरवठादारांना फोन लावत बसतो. भोसरीवाल्यांना हा फोन लावणारा माणूस हवा होता.

दाद्याने चार वर्षं हेच केलं होतं. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: 'जीएसटीची कामे'. त्याखाली: 'पुरवठादारांसंबंधी कामे'. त्याखाली: 'वरिष्ठ सांगतील ती कामे'. पहिलं अर्धं पान तर ध्येयानेच व्यापलं होतं. आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे वगैरे. ते ध्येय मी इतक्या कागदांवर वाचलंय की या राज्यात कुणालाच सोपं काम नको, असं आता वाटू लागलंय.

पिंटूने जाहिरात छापून घेतली आणि पेन्सिलीने पाच गोष्टी अधोरेखित केल्या. प्रत्येकीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली: मी हे केलंय का, किती आणि कितीदा, कशात. मग सगळ्यांत वर ही ओळ आली: 'महिन्याआड सुमारे 140 पुरवठादारांची बिलं GSTR-2B शी जुळवणे, न जुळलेल्या बिलांचा पाठपुरावा, टॅली प्राइम आणि एक्सेल'. दुसरी ओळ जॉबवर्कची. प्लेटिंगला गेलेला माल कधी गेला, किती परत आला, किती बाहेर आहे, याची नोंदवही तो ठेवत असे. ती ठेवावीच लागते, कारण जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर कायदा तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतो आणि कर मागतो. ती नोंदवही महिन्याआड दाद्याच्याही हातात असायची. दाद्याच्या कागदावर तिचा उल्लेखच नाही. विचारल्यावर म्हणाला, "ते तर रोजचंच काम होतं, त्यात लिहायचं काय?" विक्रीची बिलं, पगारपत्रक, बँकेच्या फेऱ्या हे पिंटूने काढलं नाही; तळाला दोन ओळींत आवरलं. सगळं मिळून एक पान. वेळ लागला तासभर.

तिकडे भोसरीत काय झालं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अर्ज येऊन पडतात शेकड्यांनी. लोक समजतात तसं सॉफ्टवेअर बहुधा स्वतःहून कुणाला हाकलत नाही. कुणीतरी माणूस शोधाच्या चौकटीत `GSTR-2B` टाइप करतो आणि ज्यांच्या कागदावर तो शब्द आहे ते समोर येतात. दाद्याच्या कागदावर 'जीएसटी' होतं, 2B नव्हतं. आणि समजा तो वर आलाही असता, तरी वाचणाऱ्याची नजर पहिल्या अर्ध्या पानावर फिरते आणि तिथे उत्कर्ष होता.

खोट्याचं म्हणाल, तर ते लिहायची संधी पिंटूला होती. सॅपची. 'सॅप: प्राथमिक ज्ञान' एवढं ठोकून द्यायची टूम सगळेच काढतात. पुढे मुलाखतीत कुणीतरी सहज विचारतो, "ऑर्डरवरचं बिल कुठल्या कोडने टाकता आणि ऑर्डर नसलेलं कुठल्या?" ज्याने काम केलंय तो झोपेतही `MIRO` आणि `FB60` सांगतो. बाकीचे पाणी मागतात. पिंटूने सॅपचं नावच काढलं नाही. दुसरी टूम पांढऱ्या शाईची: जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत तळाला दडवायचे. मजकूर Notepad मध्ये येतो तेव्हा सगळी अक्षरं काळीच होतात आणि अर्जदाराची अक्कलही दिसते. जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी उचलणाऱ्यांचंही तेच. ती वाक्यं ज्याने लिहिलेली असतात तोच बऱ्याचदा अर्ज वाचत असतो.

दाद्यावर यात अन्याय झाला नाही, असं मी म्हणणार नाही. काम त्यालाही तितकंच येतं. मुलाखतीच्या खुर्चीत बसवलं असतं तर कदाचित पिंटूपेक्षा सरस बोलला असता. पण त्या खुर्चीपर्यंत जाणारा कागद त्याने जाहिरात न वाचलेल्या माणसाकडून लिहून घेतला आणि तोच कागद चाळीस ठिकाणी धाडला. आणि खोटारडा कोण? मी. ज्याने त्याच्या नावावर पोहणं खपवलं, तो नाना नाही.

हे सगळं ताईला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "म्हणजे शब्दांचाच खेळ ना?" मी श्रीखंड खाल्लं.

आता चाकणच्या एका कंपनीची जाहिरात निघाली आहे, पगारपत्रक आणि पीएफच्या कामाची. मी दाद्याला म्हटलं, या वेळी पगारपत्रक वर घे, 2B खाली सरकव, किती कामगारांचे पगार काढायचास तो आकडा टाक. तो म्हणाला, काळजी करू नका, नानांनी नवी सोय सुरू केली आहे, कंपनीप्रमाणे बायोडाटा, दोनशे रुपये. काल मी तो पाहिला. नानांनी ध्येयाच्या परिच्छेदात कंपनीचं नाव घातलं आहे, ठळक अक्षरांत. नाव भोसरीच्या कंपनीचं आहे. अर्ज सकाळीच गेला.