पाणी आलंय, टार्गेट सांगा

एप्रिल संपत आला की मराठवाड्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, गावोगावचे क्रिकेट चषक आणि वळीव. जूनमध्ये ज्या ढगांची आपण हात जोडून वाट बघतो, ते मे महिन्यात न बोलावता येतात, आणि नेमके दुसऱ्या डावाच्या मध्यावर येतात. काळ्या मातीचं मैदान दहा मिनिटांत असं होतं की बॉलरच्या बुटाला किलोभर चिखल लागतो. खेळ थांबतो आणि माझा फोन वाजायला लागतो.

"सर, पाणी आलंय. टार्गेट सांगा."

एवढंच. पुढे काही नाही. मोंढ्यात आडत्याला फोन करून "पट्टी किती होईल?" म्हणावं, आणि सोयाबीन की तूर, किती क्विंटल, भाव काय, यातलं अक्षरही सांगू नये, तसा हा प्रकार. मी विचारतो, पहिल्यांनी किती केले? "ते झाले की चांगले." ओव्हर किती झाल्या? "निम्म्या झाल्या असतील." विकेट? "गेल्यात काही." आणि मग आवाज चढवून, न विचारता एक आकडा मिळतो: "आमचे ७१ झालेत, सर!"

आता गंमत बघा. पावसाने ओव्हर कमी झाल्या की दुसऱ्यांना जिंकायला किती धावा हव्यात, ते नवीन टार्गेट काढायला जे जे लागतं, त्यात हा ७१ कुठेच नाही. पाठलाग करणाऱ्यांनी पावसाआधी ४० केलेले असोत नाहीतर ९०, खेळ पुन्हा सुरू होणार असेल तर टार्गेट तेच येतं. जो आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो तो नको असतो, आणि जे हवे असतात ते पावसात ताडपत्रीखाली गेलेले असतात.

हवं काय असतं? पहिल्या डावाच्या धावा. सामना किती ओव्हरचा ठरला होता. पाऊस आला तेव्हा किती ओव्हर बाकी होत्या, परत सुरू झाला तेव्हा किती उरल्या. आणि थांबला त्या क्षणी किती विकेट पडल्या होत्या. यातली विकेट लोकांना सगळ्यात बिनमहत्त्वाची वाटते. "विकेटचं काय घेऊन बसलात, ओव्हर कमी झाल्या ना?" असं म्हणतात. खरा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे हे समजावायला टँकरपेक्षा सोपी गोष्ट नाही. ओव्हर म्हणजे टँकरमधलं पाणी आणि विकेट म्हणजे दारात मांडलेल्या घागरी. दहाही घागरी शाबूत असताना टँकर अर्ध्यातून निघून गेला, तर तुमचं मोठं नुकसान. पण सात घागरी आधीच फुटलेल्या असतील, तर टँकर थांबला काय आणि गेला काय, भरणार कशात? डकवर्थ आणि लुईस या दोन इंग्रजांनी हाच हिशेब तक्त्यात मांडला. किती ओव्हर बाकी आणि किती विकेट गेल्या, या दोन्हींवरून संघाकडे किती टक्के ताकद उरली ते त्यात लिहिलेलं असतं. ५० ओव्हर आणि एकही विकेट न गेलेली, म्हणजे १०० टक्के. २० ओव्हरचा सामना सुरू होतो तोच ५६.६ टक्क्यांवर. हे वाचून लोक दचकतात, ओव्हर तर ४० टक्केच आहेत म्हणतात. पण दहा विकेट २० ओव्हरमध्ये उधळायच्या असल्या की माणूस जोरात मारतो, म्हणून थोड्या ओव्हरची किंमत जास्त.

आता फोनवरच्या सामन्याचा हिशेब करू. समजा पहिल्यांनी पूर्ण २० ओव्हरमध्ये १४२ केले. दुसऱ्यांच्या १० ओव्हर झाल्यावर पाणी आलं, ५ ओव्हर वाया गेल्या, आता ५ उरल्या. तक्ता काय म्हणतो? १० ओव्हर बाकी आणि २ विकेट गेलेल्या असताना शिल्लक ३०.८. ५ ओव्हर बाकी आणि २ विकेट असताना १६.८. म्हणजे पावसाने १४ टक्के नेले. ५६.६ मधून १४ वजा केले की उरले ४२.६. मग १४२ गुणिले ४२.६ भागिले ५६.६, उत्तर १०६.८७. दशांश कापायचा, वर चढवायचा नाही, आणि एक मिळवायचा. टार्गेट १०७.

तोच पाऊस, त्याच ५ ओव्हर, पण विकेट ५ गेलेल्या असतील तर शिल्लक २६.१ वरून १५.४ वर येते. नुकसान फक्त १०.७, आणि टार्गेट ११६. ७ विकेट गेल्या असतील तर १७.९ वरून १२.५, नुकसान ५.४, आणि टार्गेट १२९. १०७ आणि १२९ मध्ये २२ धावांचा फरक आहे, आणि तो सगळा "गेल्यात काही" या दोन शब्दांत दडलेला असतो.

यावर कोणीतरी हुशार माणूस म्हणतोच, "एवढं कशाला? १४२ ला २० ने भागा, १५ ने गुणा." करून बघा. १०६.५ येतात, म्हणजे टार्गेट १०७. झालं! दोन विकेट गेल्यावर तक्त्याचं उत्तरही १०७ होतं, त्यामुळे पुढची दहा वर्षं हा माणूस सगळ्यांना सांगत फिरतो की तक्ता म्हणजे थोतांड. हा निव्वळ योगायोग आहे. दुसरा डाव सुरू व्हायच्या आधीच पाऊस आला आणि १० ओव्हर दिल्या, तर सरासरीने ७२ लागतात आणि तक्त्याने ८१. दहाही विकेट हातात घेऊन १० ओव्हर खेळायला मिळाल्यावर ७२ म्हणजे फुकटचा प्रसाद आहे. सरासरीच्या हिशेबात पाऊस बहुतेक वेळा पाठलाग करणाऱ्याचा मेहुणा असतो.

उलट टोकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीला दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हवे होते, पाऊस थांबल्यावर १ चेंडूत २१ उरले. तेव्हाच्या नियमात पहिल्या संघाच्या सगळ्यात कमी धावांच्या ओव्हर वजा व्हायच्या. म्हणजे त्यांनी जिथे टुकूटुकू केलं, तेवढंच तुमच्या टार्गेटमधून जायचं. १ जानेवारी १९९७ ला हरारेत डकवर्थ-लुईस पहिल्यांदा वापरलं गेलं. आपल्या देशात केरळच्या व्ही. जयदेवन या अभियंत्याने स्वतःची वेगळी पद्धत काढली, ती देशांतर्गत सामन्यांत वापरलीही गेली. पण ती गावच्या चषकात काढली की वाद दोन पद्धतींचा होतो आणि पावसाचा राहत नाही.

आता तो ७१. त्याचीही वेळ येते, पण सामना तिथेच बंद पडला तर. तेव्हा टार्गेट नसतं, बरोबरीचा आकडा असतो. १० ओव्हर झाल्या, २ विकेट गेल्या, तर वापरलेली ताकद ५६.६ वजा ३०.८, म्हणजे २५.८. १४२ चा तेवढा हिस्सा ६४.७, म्हणजे ६४ ला बरोबरी आणि ६५ ला जिंकले. ७१ वाले आरामात घरी. ५ विकेट गेल्या असतील तर वापर ३०.५, आणि बरोबरी ७६ वर. तेच ७१ आता हरले. म्हणून आभाळ काळं झालं की शहाणा कॅप्टन सिक्सपेक्षा विकेट जपतो. आपल्याकडे मात्र ढग दिसले की "पाणी यायच्या आधी मारून घे" असा गजर होतो, आणि प्रत्येक विकेटसोबत बरोबरीचा आकडा वर सरकतो. (मोठ्या स्पर्धांत २०-२० चा निकाल लागायला दुसऱ्यांच्या निदान ५ ओव्हर व्हाव्या लागतात. तुमच्या चषकात किती, हे पत्रिकेवर पाहुण्यांची नावं छापायच्या आधी ठरवा.)

ओव्हरच्या बाबतीतही एक खड्डा आहे. ९.४ म्हणजे ९ ओव्हर ४ चेंडू. २० मधून ९.४ वजा केले की मोबाईल १०.६ दाखवतो. पण बाकी असतात १० ओव्हर २ चेंडू. १०.६ असं काही नसतंच, त्या पूर्ण ११ ओव्हर झाल्या. दुसरा खड्डा असा की पहिला संघ १७ ओव्हरमध्ये सर्वबाद झाला, तर लोक १७ धरतात. घागरी त्यांनी स्वतः फोडल्या, पाणी कोणी नेलं नाही. त्यांचे पूर्ण ५६.६ धरायचे.

सगळ्यात मोठं भांडण पहिल्याच डावात पाऊस आला तर होतं. समजा त्यांचा डाव १० ओव्हरवर २ बाद ७० असताना संपवला आणि दुसऱ्यांनाही १० ओव्हर दिल्या. लोक म्हणतात, सारख्याच ओव्हर, टार्गेट ७१. नाही! पहिले २० च्या हिशेबाने जपून खेळत होते, त्यांनी वापरलं २५.८. दुसऱ्यांना सुरुवातीपासून माहीत आहे की १० च आहेत, त्यांच्याकडे ३२.१. जास्तीचे ६.३ टक्के एका ठरलेल्या सरासरी धावसंख्येवर मोजून मिळवायचे. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ती ५० ओव्हरला २४५ धरली गेली. त्याप्रमाणे १५.४ वाढतात आणि टार्गेट ८६. आपल्या मैदानाला २०० धरलं तर ८३. कोणता आकडा धरायचा ते नाणेफेकीआधी कागदावर लिहून दोन्ही कॅप्टनच्या सह्या घ्याव्यात. पाऊस आल्यावर तो ठरवायला बसलात तर २४५ म्हणणारा कोणत्या संघाचा आहे, हे न विचारता कळतं.

आणि हो, टीव्हीवरचं टार्गेट या तक्त्याशी जुळत नाही म्हणून मला परत फोन करू नये. तिथे कॉम्प्युटरवरची आवृत्ती असते. २०१४ पासून ती स्टीव्हन स्टर्न सांभाळतात, म्हणून डकवर्थ-लुईस या नावाला त्यांचं ‘एस’ लागून ते डीएलएस झालं. पहिल्या डावात खूप धावा झाल्या असतील तर ती टक्केवारीच बदलते. आपला छापील तक्ता सगळ्यांना सारखाच असतो.

हे सगळं फोनवर समजावून झालं की पलीकडे शांतता पसरते. मग पोरगं पळत जाऊन खरोखर सगळे आकडे घेऊन येतं: २० ओव्हरचा सामना, १० बाकी होत्या, आता ५ उरल्या, विकेट २. मला भरून येतं. आता फक्त पहिल्यांची धावसंख्या नक्की सांग, म्हणतो मी.

"तिथंच अडचण आहे, सर. जेल पेनानं लिहिलं होतं, वही भिजली. त्यांच्या वहीत १४४ दिसायलेत, आमच्या वहीत १४२."

१४२ ला १०७ येतात आणि १४४ ला १०९, हे मी सांगतो. तो जरा विचार करतो.

"मग १०८ करून टाका की, सर. दोघांचंबी राहील."