दोन पीसींचा फॉरवर्ड आणि भाच्याचा एकच पीसी

"गेम खेळत खेळत स्ट्रीम करायचं तर दोन पीसी पाहिजेतच. एकावरच भागवायचं असेल तर निदान आय-नाइन, ३२ जीबी रॅम, कॅप्चर कार्ड आणि रेकॉर्डिंगसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्या. याच्याखालचं काहीही घेतलं तर व्हिडिओ अडकणारच."

हा मेसेज खानापूरला माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि ताई भिशीचे पैसे मोडायला निघाली. म्हणून लिहितोय. भाच्याकडे आय-फाइव्ह १२४००एफ, जीटीएक्स १६६० सुपर आणि १६ जीबी रॅम आहे. जीटीए फाइव्ह खेळताना स्ट्रीम करायला एवढं पुरतं.

सगळ्यात घातक मुद्दा दुसऱ्या पीसीचा. एकेकाळी त्यात तथ्य होतं, हे मान्य. तेव्हा व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे दाबून लहान करायचं काम एक्स२६४ हे सॉफ्टवेअर वापरून प्रोसेसरवर टाकायचे. गेमलाही तोच प्रोसेसर लागायचा आणि दोघांची ओढाताण व्हायची. एनव्हीडियाच्या कार्डात एन्कोडिंगसाठी वेगळं सर्किट २०१२ पासून आहे, एनव्हीएन्क म्हणतात ते. पण जुन्या कार्डांवर कमी बिटरेटला चित्र डागाळायचं. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत ते चांगलंच सुधारलं, आणि भाच्याचं कार्ड त्याच पिढीतलं आहे. मेसेज मात्र अजून त्याआधीच्या काळातच आहे.

आणि अडकतंय कुठे, हे अंदाजानं सांगायची गरजच नाही, ज्यातून स्ट्रीम करतो ते ओबीएस सॉफ्टवेअर स्वतः सांगतं. `View` मेनूत `Stats` उघडा. तिथे तीन वेगळे आकडे दिसतात आणि तिन्हींची दुखणी वेगळी. `Skipped frames due to encoding lag` वाढत असेल तर एन्कोडर मागे पडतोय. `Frames missed due to rendering lag` वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डाला ओबीएससाठी सवड नाही. `Dropped Frames` म्हणजे नेट. आय-नाइन घेतल्यानं यातला तिसरा आकडा तसूभरही हलत नाही.

भाच्याच्या पीसीवर आधी पहिला आकडा पळत होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं एक्स२६४ आणि `medium` प्रीसेट लावला होता. `Settings`, `Output` मध्ये जाऊन एनव्हीएन्क निवडलं आणि तो आकडा थांबला. तरी व्हिडिओ झटके खात होता, पण आता दुसरा आकडा वाढत होता. टास्क मॅनेजर उघडला तर कार्ड ९९ टक्क्यांवर. एन्कोडिंगचं सर्किट वेगळं असलं तरी गेमचं चित्र, कॅमेरा, चॅटची चौकट हे सगळं एकत्र जोडायला ओबीएसला कार्डाचा तोच भाग लागतो, जो गेम पूर्ण गिळून बसलेला असतो. म्हणून गेम मोकाट सोडायचा नाही. गेमला ६० फ्रेमची मर्यादा घातली, सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणली, ओबीएस `Run as administrator` नं उघडलं. विंडोज मग कार्डाच्या वापरात ओबीएसला प्राधान्य देतं. दुसरा आकडाही जागेवर थांबला. खर्च शून्य.

कॅप्चर कार्ड प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचं किंवा दुसऱ्या पीसीचं चित्र आत घ्यायला असतं. त्याच पीसीवरच्या गेमसाठी ओबीएसमधला `Game Capture` पुरतो. ३२ जीबी रॅमही नको. १६ जीबी हवी, ती मात्र ८-८ च्या दोन काड्यांत. ८ जीबीची एकच काडी असेल तर गेम, ओबीएस आणि ब्राउझर मिळून खरंच झटके बसतात, एवढा मुद्दा मेसेजला देतो.

एनव्हीएमईचं म्हणणं तर हिशोबातच बसत नाही. ४०,००० केबीपीएसचं चांगलं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ५ एमबी. साधी फिरती हार्ड डिस्कसुद्धा ते आरामात लिहिते. जागा मात्र लागते, तासाला १८ जीबी. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा रेकॉर्डिंग `mkv` मध्येच ठेवा. साधी `mp4` फाइल मध्येच तुटली तर उघडत नाही. `mkv` मध्ये तोवरचं सगळं वाचतं, आणि नंतर `Remux Recordings` नं `mp4` करता येतं.

नेटचं बघायचं तर अपलोड बघा, डाउनलोड नव्हे. ट्विचवर १०८०पी ६० ला ६००० केबीपीएस लागतात. गावात अपलोड ८ एमबीपीएसच्या आसपास डगमगत असेल तर ७२०पी आणि ४५०० बरं.

सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर नाव नीट वाचा. जीटी १०३० मध्ये एन्कोडर नाहीच. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं त्याहून नवी, पण त्यांतही नाही. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर इंटेलचं क्विक सिंकही मिळत नाही, कारण ते आतल्या ग्राफिक्समध्ये असतं. १२४००एफ आणि ६५०० एक्सटी अशी जोडी कुणी गळ्यात मारली तर एन्कोडिंग पुन्हा सगळं प्रोसेसरवर येईल.