सरासरी बिलानंतरचा स्लॅब : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "पहिले १०० युनिट सगळ्यांना स्वस्तच पडतात, हे तुमचं म्हणणं कागदावर बरं दिसतं. आम्हाला महावितरणचं दोन महिने ८०-८० युनिटांचं सरासरी बिल आलं आणि तिसऱ्या महिन्यात एकदम ४५० युनिट, बिल पाच हजारांच्या पुढे. रीडिंग त्यांनी घेतलं नाही, भुर्दंड आम्ही का भरायचा?"

भुर्दंड भरू नकाच. माझं वाक्य दरमहा रीडिंग होणाऱ्या मीटरपुरतं खरं होतं, ती अट मी लिहायला हवी होती.

हे ४५० युनिट तिसऱ्या महिन्याचे नाहीत, तिन्ही महिन्यांचे आहेत. मागच्या दोन बिलांवर 'चालू रीडिंग'च्या जागी आकड्याऐवजी LOCKED, INACCS किंवा R.N.A. असं काही छापलेलं असेल आणि 'मागील रीडिंग' दोन्हीकडे तेच असेल. खरं रीडिंग मिळालं की फरक तीन महिन्यांत वाटून स्लॅब लावायचा आणि आधी आकारलेली सरासरी बिलं वजा करायची.

हिशेबापुरते वहन आकारासह सोपे दर धरू : १०० पर्यंत ६ रुपये, १०१ ते ३०० ला १२, ३०१ ते ५०० ला १६. (तुमचे दर बिलावर पाहून घाला.) महिन्याला १५० युनिट, म्हणजे तीन महिन्यांत ३०० युनिट ६ रुपयांनी आणि १५० युनिट १२ रुपयांनी, एकूण ३,६०० रुपये. सरासरी बिलांत १६० युनिटांचे ९६० आकारले गेलेत, उरले २,६४०. तेच ४५० युनिट एकाच महिन्याचे धरले तर ५,४०० होतात आणि ९६० वजा करूनही ४,४४० उरतात. हा १,८०० चा फरक, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी २८८. तुमचा आकडा या दुसऱ्या हिशेबाच्या जवळ जातो, म्हणून महिन्यांची विभागणी झाली नसावी असा माझा अंदाज आहे.

स्थिर आकाराकडे या भांडणात पाहायचं कारण नाही. तो दर महिन्याला वेगळा लागतो, युनिटांशी त्याचा संबंध नाही; फक्त तीन महिन्यांचा पुन्हा लावलेला नाही ना, तेवढं बघा. इंधन समायोजन आकार मात्र बघाच. तो युनिटमागे असतो आणि स्लॅबनुसार बदलतो, त्यामुळे विभागणी चुकली की तोही चुकतो. वीज शुल्क या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं, म्हणून ते शेवटी तपासा.

अर्जात 'बिल जास्त आलं' एवढंच लिहू नका. शेवटचं खरं रीडिंग आणि त्याची तारीख, आताचं रीडिंग, मधल्या सरासरी बिलांचे महिने लिहा. तिन्ही बिलं आणि मीटरचा आकडा व मीटर क्रमांक दिसेल असा फोटो जोडा. मागणी एकच : युनिट तीन महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करा. पुढे कधी घर बंद राहणार असेल तर ॲपवरून स्वतःच फोटोसह रीडिंग पाठवता येतं.

मात्र बिलावर FAULTY छापलं असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे आकड्यावरच भरवसा नसतो, आधी मीटर तपासून घ्यावा लागतो.