सही दोघांची, घर एकाचे

“मामा, जुलैपासून यांनी घराचे हप्ते भरणे थांबवले आहे. फ्लॅट एकट्या यांच्या नावावर आहे, मी फक्त सहअर्जदार आहे. बँक माझ्या पगारापर्यंत पोहोचू शकते का?” – मुलुंडहून भाची.

पोहोचू शकते, पण एका उडीत नाही. कर्जाच्या करारावर सही केलेला सहअर्जदार हा बँकेच्या दृष्टीने पूर्ण कर्जदार असतो. अर्ध्या कर्जाचा किंवा गरज पडल्यास उभा राहणारा राखीव कर्जदार नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचे ४३वे कलम सांगते की, अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल तर ज्याला दिले तो त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून ते संपूर्ण पुरे करून घेऊ शकतो. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे याचा या देण्याशी संबंध नाही. तरीही कंपनीने पगारातून रक्कम कापावी यासाठी बँकेला आधी न्यायालयाचा किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणाचा, म्हणजे डीआरटीचा, आदेश मिळवावा लागतो आणि त्यातही पगाराचा ठरावीक भाग कायद्याने सुरक्षित असतो. पगाराचे खाते त्याच बँकेत असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे, कारण खात्यातील शिलकीतून थकबाकी वळती करून घेण्याचा अधिकार देणारे कलम बहुतेक करारांत असते आणि त्यासाठी बँक कंपनीला विचारत बसत नाही.

मी मुंबईत काही वर्षे गृहकर्जाच्या कामात होतो आणि आता इंग्लंडमध्ये थकलेल्या गृहकर्जांचेच काम करतो, म्हणून या प्रश्नावर घरच्या मंडळींत जी चर्चा झाली ती मी दोन्हीकडचे नियम मनात ठेवून ऐकली. भाचीच्या सासऱ्यांनी लग्नाआधी पैसे भरून मुलाच्या नावाने फ्लॅट नोंदवला होता. कर्ज लग्नानंतर झाले आणि एकट्याच्या उत्पन्नावर ६० लाख बसत नसल्यामुळे तिचा पगार जोडला गेला. साडेआठ टक्के दर, वीस वर्षांची मुदत, हप्ता सुमारे ५२ हजार. आता दोघे वेगळे राहतात, शिल्लक ५५ लाखांच्या आसपास आहे आणि जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर असे तीन हप्ते थकले आहेत.

माझ्या भावोजींचे म्हणणे असे की बँक आधी घर विकेल आणि कमी पडले तरच मुलीकडे येईल. व्यवहारात बहुधा तसेच घडते, कारण गहाण फ्लॅट हाताशी असतो आणि २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे तो विकायला दिवाणी खटला लागत नाही. पण हा क्रम बँकेच्या सोयीचा आहे, कर्जदाराच्या हक्काचा नाही. बँकेने उद्या उलट क्रम धरला तर “आधी घर विका” हे सांगून भाचीला तो थांबवता येणार नाही. एका मावसभावाने तर पतसंस्थेत मित्राला जामीन राहून आपण कसे पोळलो ही कथा अर्धा तास सांगितली आणि तिने जामीनपत्र रद्द करण्याची नोटीस द्यावी असा सल्ला दिला. ती जामीनदार नाही, तिने स्वतः कर्ज घेतले आहे; अशा नोटिशीला बँक पोच देईल आणि फाइलला लावेल, इतकेच.

चर्चेत एकच माणूस फाइल उघडून बोलत होता. दादरला राहणारे आमचे एक काका राष्ट्रीयीकृत बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी आधी तारखा विचारल्या. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेचा. सर्वांत जुना थकलेला हप्ता ५ जुलैचा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला ९० दिवस पूर्ण होतील आणि खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरेल. त्याआधी एक पूर्ण हप्ता भरला, तर तो सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतो आणि दिवसांची मोजणी ५ ऑगस्टपासून धरली जाते, म्हणजे आणखी महिनाभर मिळतो. एकदा खाते एनपीए झाले की ही सवलत संपते. मग एखाद-दुसरा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी फेडल्यावरच खाते पुन्हा नियमित होते. आज ५२ हजारांत जे साधते त्याला त्यानंतर दोन लाखांहून अधिक लागतील. तिच्या सिबिलवर उशिराची नोंद आधीच चढली आहे, ती या हप्त्याने पुसली जाणार नाही, हेही काकांनी तिला स्पष्ट सांगितले.

एनपीए झाल्यावर पहिला कागद येतो तो सरफेसीच्या कलम १३(२) ची नोटीस. तिच्यात साठ दिवसांत संपूर्ण कर्ज फेडण्याची मागणी असते. लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते आणि पुढे ताबा घेण्याचे पाऊल पडले तर पंचेचाळीस दिवसांत डीआरटीकडे जाता येते. “मी फ्लॅटची मालक नाही” ही हरकत तिथे टिकत नाही. थकबाकीचा आकडा चुकला आहे किंवा नोटीस आपल्याला बजावलीच नाही, अशा हरकतींना वजन असते.

या प्रकरणातले मला सर्वांत खटकणारे ठिकाण लिलावानंतर येते आणि घरच्या वादात त्यावर कोणीच बोलले नाही. समजा, लिलाव होईपर्यंत दीड वर्ष गेले आणि व्याज व खर्च धरून देणे ६३ लाखांवर गेले. बाजारात ८० लाखांना जाणारा फ्लॅट लिलावात ६० लाखांना गेला, तर उरलेल्या तीन लाखांसाठी बँक तिच्यावरही दिवाणी न्यायालयात दावा लावू शकते. तोच फ्लॅट ६८ लाखांना गेला, तर वरचे पाच लाख ज्याचा मालमत्तेवर हक्क त्याला मिळतात, म्हणजे तिच्या नवऱ्याला. तोटा दोघांचा आणि शिल्लक एकट्याची, अशा व्यवहारात ती आहे. लिलावापूर्वी खुल्या बाजारात फ्लॅट विकणे सर्वांच्या हिताचे, पण विक्रीच्या करारावर मालक म्हणून सही करण्याचा अधिकार तिला नाही. घटस्फोटाच्या निकालात “हप्ते पतीने भरावेत” असे लिहून घेतले तरी तो आदेश त्या दोघांपुरता राहतो. बँक त्या खटल्यात पक्षकार नसते, म्हणून तिच्या वसुलीच्या हक्काला बाध येत नाही. कर्जातून नाव काढायला बँकेची संमती हवी आणि नवऱ्याचे एकट्याचे उत्पन्न पुरत नव्हते म्हणूनच तिचे नाव घातले होते, हे बँकेच्या नोंदीत आहेच.

तिने भरलेले पैसे नवऱ्याकडून परत मिळतील का, यावर काका आणि तिची वकील यांचे एकमत नाही. त्याच ४३व्या कलमानुसार सहकर्जदार एकमेकांकडून वाटा मागू शकतात आणि वेगळे काही ठरले नसेल तर वाटा सारखा धरला जातो. म्हणून काका म्हणतात की निम्मे मिळतील. वकिलांचे म्हणणे असे की घर पूर्णपणे त्याचे असल्यामुळे देणेही मुळात त्याचेच होते, तेव्हा पूर्ण रक्कम मागावी. मला वकिलांचा युक्तिवाद न्याय्य वाटतो, पण दोघांनी काही वर्षे त्याच घरात संसार केला आहे हे समोरचा वकील सांगणारच. दोघांचे एकमत मात्र एका गोष्टीवर झाले: हप्ता स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरावा, रोख किंवा सासऱ्यांच्या हाती देऊ नये, आणि सहकर्जदार म्हणून नाइलाजाने भरत असून वसुलीचा हक्क राखून ठेवला आहे असे नवऱ्याला लेखी कळवावे. दावा लावायला प्रत्येक भरण्यापासून तीन वर्षे मिळतात.

आता परदेशाचा मुद्दा. “तुमच्याकडे असे होत नसेल” हे वाक्य मला फोनवर ऐकावे लागले आणि ते खरे नाही. इंग्लंडमध्येही संयुक्त कर्जदार प्रत्येकी संपूर्ण कर्जाला बांधलेला असतो, घर विकून कमी पडले तर तिथेही त्याच्या मागे लागतात आणि मुद्दलाच्या बाबतीत बारा वर्षांपर्यंत दावा लावता येतो. राहत्या घराचा ताबा घ्यायला साधारणपणे न्यायालयात जावे लागते आणि गृहकर्जांच्या २०२३ च्या सनदेवर सही केलेल्या कर्जसंस्था पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिन्यांच्या आत कर्जदाराला त्याच्या संमतीशिवाय, अपवाद वगळता, घराबाहेर काढत नाहीत. त्यामुळे वेळ मिळतो, पण देणे उरतेच. म्हणून “कायदाच बदला” या मागणीशी मी सहमत नाही. ज्याच्या पगाराकडे पाहून कर्ज दिले त्याच्याकडे मागता येणार नसेल, तर बँका तो पगार हिशेबात धरणार नाहीत आणि मुंबईच्या भावात निम्म्या कुटुंबांना कर्जच बसणार नाही.

खरा फरक दोन ठिकाणी आहे. थकबाकी लक्षात आल्यापासून पंधरा कामकाजी दिवसांत कर्जदाराला लेखी माहिती देणे आमच्याकडे बंधनकारक आहे आणि आमच्या कार्यालयातून ती पत्रे दोघांच्या नावे वेगवेगळी जातात. भाचीला तिसरा हप्ता चुकल्यावर कळले, तेही शेजारणीकडून, कारण वसुलीचा माणूस इमारतीत चौकशी करून गेला होता. तिने मागवलेली अर्जाची प्रत मी पाहिली. सहअर्जदाराच्या रकान्यात मोबाइल तिच्या नवऱ्याचा आहे, ईमेलही त्याचाच आणि पत्ता अर्थातच त्या फ्लॅटचा. हप्ता बाउन्स झाल्याचा प्रत्येक संदेश ज्याने तो चुकवला त्यालाच जात होता. आपला पत्ता आणि क्रमांक स्वतंत्र नोंदवा व दर महिन्याचे कर्जखात्याचे उतारे द्या, असा अर्ज तिने आता शाखेत दिला आहे. तो पहिल्याच दिवशी देता आला असता.

दुसरा फरक सहीच्या वेळचा. नाव मालकीत नाही पण कर्जात आहे, अशा व्यक्तीने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याचा दाखला इथल्या बहुतेक कर्जसंस्था मागतात. भाचीने सह्या केल्या त्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एजंटने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या जागी. रिझर्व्ह बँकेने मालक नसलेल्या सहअर्जदारासाठी एक वेगळे मराठी पान सक्तीचे करावे, असे मी कुटुंबाच्या गटावर लिहिले. काकांनी लगेच उत्तर दिले की त्या पानावरही फुली मारलेली असेल आणि नवरा शेजारी बसलेला असेल. ते बरोबर आहे. म्हणूनच २००१ मध्ये, तेव्हा इथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पतीच्या कर्जाला हमी देणाऱ्या पत्नीच्या प्रकरणांत नुसत्या कागदावर समाधान मानले नाही. वकिलाने पत्नीला समोरासमोर, पती हजर नसताना समजावून सांगावे, असे ठरवले. मुंबईत यासाठी लागणारा वकील कोण देणार आणि त्याची फी कोण भरणार, यावर आमच्या गटात अजून वाद चालू आहे.