माझी बोटे मला ओळख देत नाहीत

मी मीच आहे याबद्दल आजवर कोणी शंका घेतली नव्हती. ती पहिल्यांदा घेतली बायोमेट्रिक केंद्रातल्या एका हातभर काचेने. व्हिसाचा अर्ज भरून झाला होता, शुल्क भरून झाले होते, आणि आता केवळ दहा बोटे व एक चेहरा घेऊन ठरलेल्या वेळी हजर राहायचे होते. दोन्ही वस्तू मी नेहमीच बरोबर बाळगत असल्यामुळे निर्धास्त होतो.

दारातच एका कर्मचाऱ्याने माझ्या तळहातांवर सॅनिटायझरची उदार धार सोडली. त्या धारेतले अल्कोहोल उडून जाताना त्वचेतला ओलावाही घेऊन जाते, आणि स्कॅनरला नेमका तोच ओलावा हवा असतो, हे पुढच्या काही मिनिटांत मला कळायचे होते. ठशातल्या उंच रेषा काचेला चिकटल्या तरच त्या काळ्या उमटतात. बोट कोरडे असेल तर रेषा तुटक, ठिपक्याठिपक्यांची दिसते. त्यातून माझा सारा जन्म कागद चाळण्यात गेलेला. कागद बोटे कोरडी करतो आणि झिजवतोही, आणि वय वाढले की रेषा आपण होऊनच सपाट होत जातात.

आधी उजव्या हाताची चार बोटे एकत्र, मग डाव्या हाताची चार, आणि शेवटी दोन्ही अंगठे जोडीने, असा तिथला क्रम असतो. माझ्या उजव्या हाताला यंत्राने लाल चौकट बहाल केली. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, "काका, जरा दाबा." मी दाबले. "एवढं नाही, काका." जोर फार झाला की रेषा पसरतात, त्यांच्यामधल्या फटी बुजतात आणि ठशाऐवजी डाग मिळतो. हलके ठेवावे तर करंगळी, जी मुळातच आखूड, काचेला टेकायलाच तयार होईना. बाकीची तीन बोटे नापास होत असताना करंगळी तर परीक्षेलाच बसली नव्हती.

मग तिने थोडे लोशन दिले. मी ते मनापासून चोळले आणि रेषा एकमेकींत मिसळून पडद्यावर चार काळी बोरे उमटली. तिने काच पुसली, माझी बोटे पुसली, आणि शेवटी, कोणत्याही नियमपुस्तकात असेल असे मला वाटत नाही असा उपाय सांगितला: "कपाळावरून बोटं फिरवा." कपाळाच्या त्वचेवर तेलाचा जो पातळ थर असतो, तो म्हणे लोशनपेक्षा बेताचा असतो. आपल्या कपाळाला हात लावण्याची मला तशीही त्या क्षणी इच्छा होतच होती.

या यंत्राला ठसा सुंदर आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. पुढे जुळवणीच्या वेळी तो उपयोगी पडेल की नाही, याचा अंदाज ते बांधते. एनएफआयक्यू-२ ही त्यासाठीची प्रचलित पद्धत प्रत्येक बोटाला ० ते १०० यांमध्ये गुण देते. वारंवार प्रयत्न करूनही गुण वाढेनात, तेव्हा त्यातल्या त्यात बरे ठसे पुढे धाडण्यात आले. छायाचित्र मात्र एका झटक्यात झाले. चेहरा भावशून्य हवा, तोंड मिटलेले हवे, चष्म्याच्या काचेवर चकाकी नको, या अटी एरवी माणसाला अवघड जातात. पण एवढ्या नापास बोटांनंतर माझ्या चेहऱ्यावर भाव उरलेच नव्हते.

केंद्रात ठसे घेतले गेले म्हणजे ते स्वीकारले गेले, असा माझा समज होता. प्रत्यक्षात खरी तपासणी मागच्या बाजूला, नोंदींशी जुळवताना होते. काही आठवड्यांनी पत्र आले, की ठशांची गुणवत्ता अपुरी असल्याने पुन्हा हजर राहावे. अर्ज फेटाळलेला नव्हता. तो नुसता थांबला होता, आणि ही अवस्था मला अधिक बिकट वाटली, कारण अर्ज थांबला तरी त्याला जोडलेल्या वैद्यकीय दाखल्याची मुदत थांबत नाही. नवी अपॉइंटमेंट त्या मुदतीच्या आत मिळावी म्हणून मी रोज सकाळी तारखांचे पान उघडून बसू लागलो.

मधल्या काळात मी भांडी घासण्याचे बंद केले, कारण साबण रेषांचा शत्रू असतो. या वैज्ञानिक कारणाला घरात कोणीही मान्यता दिली नाही. रात्री हातांना मलम लावून झोपलो, भाजी चिरण्यासही नकार दिला. बोटाला चीर पडली वा पट्टी बांधलेली असली, तर ते बोट बरे होईपर्यंत तारीख पुढे ढकलावी लागू शकते.

दुसऱ्या खेपेला सॅनिटायझर लावल्यावर मी लगेच रांगेत गेलो नाही. हातांत पुन्हा ओलावा येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. उजवा हात हिरवा झाला. डावा हात हिरवा झाला. अंगठे हिरवे झाले, करंगळीसुद्धा. छायाचित्रही नव्याने घ्यायचे होते, म्हणून मी कॅमेऱ्यापुढे बसलो आणि पडद्यावर पुन्हा लाल चौकट उमटली.

"काका," ती मुलगी म्हणाली, "हसू नका."